‘पाच वर्षांनी नष्ट करा’, पण कोणत्या दिवसापासून?

"वकीलसाहेब, निपाणीत आम्हा दोघा भावांचं शेतीपंप आणि घरगुती यंत्रांचं दुकान आहे. हप्त्यावर माल देतो. गिऱ्हाइकं निपाणी-चिकोडीकडची आणि पलीकडची, महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यातली. नावं, फोन, आधारच्या प्रती, हप्ते, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. ओळखीच्या एकाने दिलेल्या नमुन्यावरून ‘सर्व माहिती पाच वर्षांनंतर नष्ट करण्यात येईल’ असं धोरण केलं आणि एप्रिल 2026 मध्ये मार्च 2021 पर्यंतची खाती पुसली. आता जानेवारी 2021 मध्ये पंप नेलेला कागलकडचा एक गिऱ्हाईक लिहितो, पैसे फिटले, माझे कागद पुसा. आमच्या हिशेबाने त्याच्याकडून दहा हजार येणं आहे. हप्त्यांच्या सह्यांची कार्डं पेटीत आहेत. डिसेंबर 2025 चा बॅकअप एका पेनड्राइव्हवर सापडला. आम्ही पुसलं ते बरोबर का? धोरण कसं लिहायचं?"

बरोबर केलं नाही. पुसण्याआधी एक फोन केला असता तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती. अशी पत्रं मला खानापूर, चिकोडी, बेळगाव शहर, सगळीकडून येतात आणि प्रत्येकाच्या धोरणात हेच एक वाक्य असतं. पाच, सात की आठ वर्षं, यावर लोक तासभर वाद घालतात. घड्याळ कधी सुरू होतं, हे कोणीच लिहीत नाही. तुमचं सगळं प्रकरण त्या न लिहिलेल्या अर्ध्या ओळीत अडकलं आहे.

तुमच्याच गिऱ्हाइकाचं खातं घेऊ. पंप जानेवारी 2021 मध्ये गेला. तीन हजारांचे अठरा हप्ते धरले तर पहिला 10 फेब्रुवारी 2021 ला आणि शेवटचा 10 जुलै 2022 ला पडतो. एप्रिल ते जुलै 2022 हे चार हप्ते थकले, आणि 5 नोव्हेंबर 2024 ला त्याने दोन हजार भरून कार्डावर सही केली, असं समजू. तुमच्या कार्डावरच्या तारखा वेगळ्या असतील तर त्या घालून हाच हिशेब करा.

पहिलं घड्याळ जीएसटीचं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 36 म्हणतं, हिशेब आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून 72 महिने ठेवा. विक्रीच्या तारखेपासून नव्हे. 2020-21 चं विवरणपत्र भरायची तारीख वाढवून 28 फेब्रुवारी 2022 केली होती. तिथून 72 महिने म्हणजे 28 फेब्रुवारी 2028. त्या पंपाचं बिल तुम्ही जवळजवळ दोन वर्षं आधी पुसलंत. उलाढाल कमी म्हणून वार्षिक विवरणपत्रातून सूट असलेल्यांनीही हीच तारीख धरावी असं माझं मत आहे. त्यात नुकसान काही नाही.

दुसरं घड्याळ उधारीचं. मुदतीच्या कायद्याने थकलेल्या हप्त्यासाठी साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि ती वर्षं त्या त्या हप्त्याच्या तारखेपासून मोजायची. म्हणजे एप्रिल 2022 च्या हप्त्याची मुदत एप्रिल 2025 ला संपली असती. पण ती संपण्याआधी गिऱ्हाइकाने पैसे भरले आणि त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली, तर कलम 19 प्रमाणे तीन वर्षं नव्याने सुरू होतात. 5 नोव्हेंबर 2024 च्या सहीमुळे तुमची मुदत 5 नोव्हेंबर 2027 पर्यंत गेली. तुम्ही खातं पुसलंत एप्रिल 2026 मध्ये, दावा जिवंत असताना.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. कलम 19 ला सही लागते ती पैसे भरणाऱ्याची. तुमच्या मुनिमाने कॉम्प्युटरवर केलेली नोंद कितीही खरी असली तरी तिने मुदत वाढत नाही. फोनवरून आलेल्या पैशांचं काय, यावर वाद होऊ शकतो, तेव्हा त्यावर विसंबू नका. म्हणून पेटीतली कार्डं आज सर्वांत मोलाची आहेत. त्यांचे फोटो काढा, पण मूळ कार्ड फाडू नका.

गिऱ्हाइकाच्या मागणीचं उत्तर सोपं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा असला तरी त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि दुकानदारावरची मुख्य बंधनं मे 2027 पासून लागू होतात. तो लागू झाल्यावरही कलम 8(7) म्हणतं की हेतू संपला की माहिती पुसा, मात्र एखाद्या कायद्यासाठी ती ठेवणं भाग असेल तर ठेवा. बिल आणि खातं ठेवायला तुमच्याकडे असं कारण आहे. आधारच्या प्रतीला नाही. पंप विकायला आधारची प्रत घ्याच, असं कोणताही कायदा तुम्हाला सांगत नाही. त्याला लिहून कळवा की खातं आणि बिल अमुक कारणाने अमुक तारखेपर्यंत राहील, आणि आधारची प्रत या तारखेला पुसली. पत्र मराठीत द्या. तसंही या कायद्याने माहिती घेतानाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय ठेवावी लागणार आहे, आणि त्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. आपल्या भागात दोन्ही छापून ठेवा.

आता धोरणातली ती ओळ. तुमची जुनी ओळ खोडा आणि ही घाला:

"मुदतीची सुरुवात म्हणजे शेवटच्या हप्त्याची ठरलेली तारीख किंवा गिऱ्हाइकाने शेवटची रक्कम भरल्याची तारीख, यांतली नंतरची. तिथून तीन वर्षं, आणि विक्रीच्या वर्षाच्या जीएसटी वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून 72 महिने, यांत जी तारीख उशिरा येईल तोपर्यंत बिल, खातं आणि सहीचं कार्ड ठेवावं. नोटीस, तक्रार, दावा किंवा कर खात्याची चौकशी आली की त्या खात्याचं पुसणं त्याच दिवशी थांबवावं, आणि अंतिम निकालानंतर एक वर्ष होईपर्यंत पुन्हा सुरू करू नये."

शेवटचं वाक्य गाळू नका. वाद सुरू झाल्यावर कागद नाहीसा झाला तर तो तुमच्याच विरोधात होता असं न्यायालय धरू शकतं. शिवाय ‘निकाल’ हा शब्द ऐकून दोन-चार महिने मनात धरू नका. दहा हजारांच्या दाव्यात साक्ष सुरू व्हायलाच वर्षं जातात, मग अपील. ही दिरंगाई मला रोज चीड आणते, पण धोरण लिहिताना ती गृहीत धरावी लागते. पंप निपाणीत विकला म्हणून दावा निपाणीत लावता यावा. पण हुकूमनामा मिळाल्यावर कागलकडे वसुली करायची तर तो तिकडच्या न्यायालयाकडे पाठवावा लागेल, आणि तेवढा काळ कागद जपावे लागतील. जमल्यास लोकअदालतीत मिटवा.

बॅकअपच्या बाबतीत दुकानदार दोन टोकांना जातात. एक तर पेनड्राइव्ह कायम कॉम्प्युटरला खोचलेला. मग यंत्रात खंडणीखोर व्हायरस शिरला की बॅकअपही त्याच रात्री कुलूपबंद. नाहीतर प्रत्येक प्रत कायमची, म्हणजे पुसलेलं आधार दहा पेनड्राइव्हवर जिवंतच. तुमच्या आकाराच्या दुकानाला तीन प्रती पुरतात. एक कामाची. एक दुकानातल्या बाहेरच्या डिस्कवर, संध्याकाळी लावायची आणि काढून ठेवायची. एक पासवर्डने कुलूप लावलेली, भावाच्या घरी. रोजच्या प्रती चौदा दिवस आणि महिनाअखेरच्या बारा महिने ठेवा, मग त्यांच्यावरच नव्या लिहा. वर्षअखेरच्या प्रतीत फक्त बिलं, खाती आणि कार्डांचे फोटो घाला आणि ती 72 महिन्यांच्या घड्याळाने ठेवा. त्या प्रतीत एखादं खातं वादात असलं तर ती अंतिम निकालानंतर एक वर्ष होईपर्यंत पुसू नका. आधार आणि इतर ओळखपत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर वर्षअखेरच्या प्रतीत कधीच नाही. असं केलं की पुसलेलं ओळखपत्र फार तर बारा महिन्यांत सगळ्या प्रतींतून आपोआप जातं. हे बारा महिने धोरणात स्पष्ट लिहा, म्हणजे गिऱ्हाइकाला खोटं आश्वासन दिल्यासारखं होणार नाही.

पुसलेल्यांची एक वही ठेवा. तिच्यात खातं क्रमांक, काय पुसलं आणि तारीख, एवढंच, नाव नको. जुना बॅकअप परत चढवला की पुसलेली माणसं त्याच्याबरोबर परत येतात. चढवल्यावर वही बघून ती पुन्हा काढायची.

डिसेंबर 2025 चा तो पेनड्राइव्ह दुकानाच्या कॉम्प्युटरवर ‘रिस्टोअर’ करू नका. डिसेंबरनंतरच्या सगळ्या नोंदींवर तो चढून बसेल. माझ्या एका अशिलाने हेच केलं, आणि जुनं एक खातं मिळवताना चालू वर्षाचे पाच महिने घालवले. दुसऱ्या यंत्रावर आधी जशीच्या तशी प्रत काढा, पेनड्राइव्ह लिफाफ्यात सील करा, आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ टाकून प्रतीतल्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढा:

```
certutil -hashfile E:\dec2025.zip SHA256
```

`E:\dec2025.zip` च्या जागी तुमच्या प्रतीतल्या फाइलचं नाव, ती ठेवलेल्या जागेसकट, येईल. 64 अक्षरांचा जो आकडा दिसेल तो वहीत लिहा, तारीख घाला, दोघे भाऊ सही करा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हा आकडा बदलतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली कॉम्प्युटरचा उतारा पुरावा म्हणून दाखल करताना प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हा हॅश मागितला आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, जुन्या पुरावा कायद्याखाली, असं प्रमाणपत्र नसेल तर उतारा चालणार नाही हे ठामपणे सांगितलं.

त्या बॅकअपमधून हे खातं सापडलं की उतारा आणि कार्ड घेऊन या. कार्ड मराठीत आहे, तेव्हा कन्नड भाषांतर जोडावं लागू शकतं. गिऱ्हाइकाला पत्र मात्र त्याआधी, याच आठवड्यात पाठवा. 2020-21 ची बाकीची पुसलेली खातीही त्याच पेनड्राइव्हवरून त्याच दुसऱ्या यंत्रावर काढून ठेवा, कारण त्यांच्या बिलांनाही 28 फेब्रुवारी 2028 हीच तारीख लागू आहे. 2019-20 आणि त्याआधीच्या बिलांची तारीख त्या त्या वर्षाच्या विवरणपत्रावरून वेगळी काढावी लागेल, ती तुमच्या कर सल्लागाराकडून लेखी घ्या.