अळीचं डोकं वाढत नाही

प्रश्न: आमची रेशमाची पहिलीच बॅच आहे. अळी हाताला इतकी मऊ लागते, मग तिला चार वेळा कात कशाला टाकावी लागते? मऊ कातडी ताणली जात नाही का? आणि कातीच्या वेळी दिवसभर उपाशी का बसते?

चौथ्या कातीतून बाहेर आलेली अळी उचलून आधी तिचं डोकं बघा. अंगाच्या मानाने ते मोठं दिसतं आणि अंगावरची कातडी सैल, चुण्या पडलेली असते. तीच बॅच सहा-सात दिवसांनी बघा. अंग बोटाएवढं फुगलेलं आणि त्यापुढे डोकं म्हणजे एक मणी. डोकं लहान झालेलं नाही, ते त्या आठवड्यात जराही वाढलेलं नाही. अळी मात्र साधारण एका ग्रॅमवरून चार-पाच ग्रॅमवर गेलेली असते.

म्हणजे मऊ अळीतही टणक भाग आहेतच. डोक्याची कवटी आणि पाला कुरतडणारे जबडे टणक, बाकी अंग मऊ. आणि गंमत अशी की दोन्हीकडे माल जवळपास एकच आहे. कीटकाच्या कातडीला क्युटिकल म्हणतात आणि ती म्हणजे खालच्या जिवंत पेशींच्या एका थराने बाहेर सोडलेलं आवरण. सगळ्यात वर एपिक्युटिकल नावाचा अतिशय पातळ थर असतो. त्यात मेण असतं, पण कायटिन नावाचा तंतुमय पदार्थ नसतो. पाणी अंगाबाहेर जाऊ न देणं हे त्याचं काम. त्याखालचा जाड भाग कायटिनच्या तंतूंचा आणि प्रथिनांचा. त्यातला वरचा पट्टा कडक झाला तर त्याला एक्झोक्युटिकल म्हणतात, खालचा लवचिक राहतो तो एंडोक्युटिकल.

बरेच जण कायटिन म्हणजे कडकपणा असं धरून चालतात. तसं नाही. नुसतं कायटिन वाकतं. कडकपणा येतो तो तंतूंमधली प्रथिनं रासायनिक रीतीने एकमेकांना बांधली गेली की, जवळपास चामडं कमावतात तसा. डोक्यात ही बांधणी पक्की होते, अंगावर फारशी होतच नाही. कातीतून नुकत्याच निघालेल्या अळीचं डोकं फिकट असतं आणि काही तासांत गडद होतं. ती बांधणी होताना डोळ्यांना दिसते ती अशी.

आता तुमचा ताणण्याचा प्रश्न. डोक्याचं उत्तर सरळ आहे, बांधली गेलेली कवटी ताणत नाही. अंगाचं जरा वेगळं. एपिक्युटिकल हा थर सगळ्यात आधी तयार होतो आणि एकदा झाला की त्यात भर घालता येत नाही, कारण पेशी त्याच्या खूप खाली राहतात. त्या खालून एंडोक्युटिकल जाड करू शकतात, वरचा पापुद्रा रुंद करू शकत नाहीत. म्हणून तो मुळातच चुण्या घालून शिवलेला असतो, वाढत्या पोरीच्या परकराला आत दुमड ठेवतात तसा. अळी खात जाते, चुण्या उघडत जातात. चुण्या संपल्या की नवा परकर.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. अळीच्या कुशीवर श्वासाची छिद्रं असतात, तिथून हवेच्या नळ्या आत जातात. त्यांचं अस्तरही क्युटिकलचंच असतं. अंग वाढतं, पण या मुख्य नळ्या दोन कातींच्या मध्ये तेवढ्याच रुंदीच्या राहतात. टाकलेली कात भिंगाखाली धरा, आतल्या बाजूला छिद्रांपाशी केसासारखे पांढरे दोरे लोंबताना दिसतील. ते नळ्यांचं जुनं अस्तर. अन्ननलिकेच्या पुढच्या आणि शेवटच्या भागाचं अस्तरही असंच बाहेर येतं.

इथेच उपाशी बसण्याचं उत्तर आहे. कातीआधी कातडीखालच्या पेशी जुन्या आवरणापासून सुटतात. मधल्या फटीत द्रव भरतो, नवं एपिक्युटिकल आधी घातलं जातं आणि मगच त्या द्रवातली पाचकं कामाला लागतात. ती जुना एंडोक्युटिकल विरघळवतात, तो माल अळी परत शोषून घेते. म्हणून टाकलेली कात इतकी हलकी आणि पातळ असते, उरतो तो वरचा पापुद्रा आणि कडक भाग. नवं डोकं जुन्या डोक्याच्या मागे, मानेच्या जागी तयार होतं. कातीला बसलेल्या अळीची मान फुगीर दिसते आणि पुढे छोटं डोकं टोपीसारखं टेकलेलं, ते यामुळे. जुने जबडे निकामी, नवे अजून मऊ, घशाचं अस्तर बदलतंय. ती खाणार कशाने?

(हे सगळं सुरू करणारं संप्रेरक पहिल्यांदा रेशमाच्याच कोषांतून मिळालं. 1954 मध्ये बुटेनांट आणि कार्लसन यांनी 500 किलो प्यूपांमधून जेमतेम 25 मिलिग्रॅम एक्डायसोन वेगळं केलं.)

आता तुमच्या शेडचं. कातीला बसताना अळी रेशमाच्या बारीक धाग्यांनी मागचे पाय पाल्याला घट्ट चिकटवते, कारण कात मागे खिळलेली असेल तरच तिला पुढे सरकून बाहेर पडता येतं. माझ्या पहिल्या बॅचच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्या कातीला अळ्या निवांत बसल्यात, तेवढ्यात बेड साफ करू म्हणून मी फांद्या उचलून झटकल्या. दुसऱ्या दिवशी कित्येक अळ्यांच्या शेपटाकडे जुन्या कातीचं कडं अडकलेलं. पुढचं अंग फुगत गेलं, कडं आवळत काळं पडलं, विष्ठा बाहेर पडेना. त्यातली एकही वाचली नाही. तेव्हापासून कातीत मी बेडला हात लावत नाही. बहुतेक अळ्या बसल्या की पाला बंद करते, चुना भुरभुरते आणि जवळजवळ सगळ्या बाहेर आल्याशिवाय खायला टाकत नाही. चार लवकर उठलेल्यांसाठी पाला टाकला तर बॅच मागेपुढे होते आणि पुढच्या प्रत्येक कातीला तेच निस्तरत बसावं लागतं. हवा फार कोरडी असेल तरीही कात अंगाला चिकटते.

पण एक अडकणं वेगळं असतं, ते ओळखायला शिका. कपाशीवर किंवा तुरीवर फवारतात त्यांतली काही औषधं, जसं नोव्हॅल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, मज्जातंतूंवर चालत नाहीत. ती नवं कायटिन तयार होणं थांबवतात. तुतीवर त्याचे तुषार आले तर अळी तो पाला मजेत खाते, उलटी नाही, तडफड नाही. जुनी कातडी शाबूत असते ना. पुढच्या कातीला मात्र आत जी नवी कातडी तयार झालेली असते तिला तंतूंचा आधार नसतो. ती जोर सहन करत नाही, फाटते, अंगातलं पाणी पाझरतं आणि अळी अर्ध्या कातीत मरते. इतर बऱ्याच विषारी औषधांत अळ्या काही तासांतच तोंडातून पाणी टाकून आडव्या होतात. इथे मधे दोन-तीन दिवस जातात, म्हणून कुणी फवारणीशी संबंध जोडत नाही आणि दोष अंडीपुंजांवर टाकला जातो. असं झालं तर मागच्या कातीपासून कोणत्या ओळीचा पाला तोडला ते आठवा. बांधाकडच्या ओळींचा असेल, तर शेजाऱ्याला औषधाची रिकामी बाटली दाखवायला सांगा आणि तो पाला पुढच्या बॅचला घालू नका.