199 चं 229 कसं झालं

अरे, काल अमृततुल्यवर गर्दीत नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय. डिस्क शेड्युलिंगच्या गणितात एसएसटीएफचं, म्हणजे दर वेळी हेडला सगळ्यात जवळची रिक्वेस्ट आधी घ्यायची त्या पद्धतीचं, हेडच्या एकूण हालचालीचं तुझं उत्तर 229 आलंय, पाहिजे 199, आणि बेरीज तर बरोबरच आहे तुझी.

गणित परत बघ. सिलिंडर 0 ते 199, हेड 55 वर, रांगेत 45, 130, 60, 20, 150, 72. तू काय केलंस, सगळी अंतरं 55 पासूनच मोजून ठेवलीस आणि त्या क्रमाने गेलास, म्हणून 60 वरनं मागे 45, परत पुढे 72 अशा उड्या झाल्या. पण हेड 60 वर गेल्यावर 55 चा संबंध संपला ना! आता 60 पासून बघायचं, 72 बारावर, 45 पंधरावर, म्हणजे आधी 72. मग 45, 20, आणि शेवटी लांबचे 130, 150.

आणि प्रत्येक टप्पा वेगळा कशाला मिळवत बसतोस, हेड जिथं वळतो तेवढेच आकडे धर. 55 ते 72 म्हणजे 17, तिथून 20 पर्यंत 52, मग 150 पर्यंत 130. झाले 199.

स्कॅनमध्ये तू 150 वरूनच मागे फिरलास आणि 225 लिहिलंस. ते लुकचं उत्तर झालं, तो शेवटच्या रिक्वेस्टवरूनच वळतो. मीही सेकंड इयरला हेच करून मार्क घालवले होते. स्वारगेटहून कात्रजला जाणारी बस बघ, शेवटचा पॅसेंजर बालाजीनगरला उतरला तरी ती कात्रजला जाऊनच वळते, तसा स्कॅनचा हेड रिक्वेस्ट नसली तरी 199 ला टेकतो. म्हणजे वर जाताना 144, परत 20 पर्यंत 179, एकूण 323. खाली 20 च्या पुढे मात्र जायचं नाही, तिथं काम संपलं.

स्कॅनचं हे सगळं हेड वर चाललाय असं धरून. प्रश्नात ‘आधीची रिक्वेस्ट 40 वर होती’ असं एखादं वाक्य असतं, दिशा त्यातनंच कळते, ते वाचायचं राहिलं की संपलं. हेड खाली चालला असता तर स्कॅनमध्ये 0 पर्यंत 55 अधिक तिथून वर 150, फक्त 205.

तुलनेच्या प्रश्नात ‘एसएसटीएफची हालचाल नेहमी सगळ्यात कमी’ असं लिहिलंयस ते आधी खोड. याच रांगेत खाली जाणारा लुक धर, 20 पर्यंत 35 आणि मग 150 पर्यंत 130, म्हणजे 165 च. एसएसटीएफ जवळचे 60 आणि 72 बघून आधी तिकडे वळला, पण 130 ला जाताना त्याला त्याच रस्त्याने परत जायचंच होतं, त्यामुळे ते 17 चं जाणं-येणं फुकट गेलं, 34. 199 आणि 165 मधला फरक तेवढाच आहे बघ.