माझे बाबा या महिनाअखेर स्टेशन मास्तर म्हणून रिटायर होतायत, निरोपाच्या भाषणात स्टाफचे आणि रोजच्या प्रवाशांचे आभार कसे मानायचे?

मी वर्धा-बल्लारशा लाईनवरच्या एका छोट्या स्टेशनातून रिटायर झालो. भाषण लिहायला बसलो तेव्हा आधी सगळी नावं काढली, पॉईंटमन, गेटमन, कीमन, बुकिंगवाला, आणि वाचून पाहिलं तर हजेरीच वाटली. मग तो कागद ठेवून दिला आणि एकाच सकाळची गोष्ट सांगितली.

डिसेंबर होता, कडाक्याची थंडी. थंडीत रूळ आकसतो, ताण येतो आणि वेल्डिंगपाशी कधी कधी तुटतो. पहिल्या पॅसेंजरनं रोज दूध नेणारा एक भाऊ रुळाच्या कडेनं येत होता, नाल्याजवळ त्याला रुळात बोटभर फट दिसली. कॅन तिथंच ठेवून तो पळत आला, "मास्तर, पटरी तुटली हाये जी!" मी नुकतीच कोळशाच्या गाडीला लाईन क्लिअर, म्हणजे गाडी आमच्याकडे सोडायची परवानगी, दिली होती. पलीकडच्या मास्तरांना फोन लावला, गाडी सोडू नका म्हटलं, आणि त्यांनी एक प्रश्न न विचारता सिग्नल परत लाल केला.

त्या मास्तरांना मी अकरा वर्षांत दोनदाच भेटलो, आवाज मात्र रोजचा. गाडी घ्यायची म्हणजे एकमेकांना प्रायव्हेट नंबर द्यायचा, दोन आकडी, कागदावरचा नंबर वापरला की खोडायचा. असे किती नंबर आम्ही एकमेकांवर भरवसा ठेवून खोडले, हे मी भाषणात सांगितलं तेव्हा मागच्या खुर्चीत बसलेल्या त्या मास्तरांनी डोळे पुसले.

मग रोज रूळ तपासत फिरणाऱ्या कीमनचं सांगितलं. तो आणि गँगची पोरं आली, तुटलेल्या जागी रूळ जोडून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, जॉगल फिशप्लेट, बसवून क्लॅम्प आवळले, बोटं गारठून लाल झाली होती. गाड्या तिथून अगदी हळू काढल्या. पॅसेंजर दीड तास लेट झाली, पासवाल्या मास्तरणींचा हाफ डे गेला, कॉलेजच्या एका पोरीचा पेपर होता. मी माईकवर खरं कारण सांगितलं, तर कोणी आरडाओरडा केला नाही, उलट त्या पोरीला एकानं मोटरसायकलवर बसवून परीक्षेला पोचवलं. प्रवाशांचे आभार म्हणजे माझ्यासाठी हेच होते, म्हणून तेवढंच बोललो.

तुमच्या बाबांना असा एखादा दिवस विचारा, आणि त्यांना नाही आठवला तर जुन्या पॉईंटमनला विचारा, त्याच्या नक्की लक्षात असतो. त्या दिवशी कोणी काय केलं ते नावासकट सांगायचं, आणि ती माणसं समोर असतील तर उभं करायचं. मी दूधवाल्या भाऊला पुढं बोलावलं, तो हात जोडून म्हणाला, "मी तं फक्त सांगाले आलो होतो जी." माझा हार काढून मी त्याच्या गळ्यात घातला, पुढचं भाषण मला वाचता आलं नाही.