बाबांच्या खात्यातून दर महिन्याला कटणारे पैसे

"माझे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गावी एकटे राहतात. त्यांच्या खात्यातून दर महिन्याला कसलेतरी पैसे कटतात. कशाचे, ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांचा यूपीआय पिन मी माझ्याकडे घेऊ का? विषय काढला की ते चिडतात."

पिन घेऊ नका. मुलाला दिला तरी तो दुसऱ्याला दिलेलाच पिन असतो. पुढे खरंच फसवणूक झाली, तर पिन इतरांना दिल्याचं कारण सांगून बँक नुकसान ग्राहकावर टाकू शकते. शिवाय पैसे कटणं थांबवायला तुमच्याकडे पिन असण्याची गरजच नसते.

असेच एक निवृत्त मुख्याध्यापक मुलासोबत माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलाने येण्याआधीच ठरवलं होतं की अण्णांचा फोन साधा करून टाकायचा. अण्णा गप्प बसले होते. मी त्यांना बँकेतून सहा महिन्यांचा खातेउतारा आणायला सांगितला आणि लाल पेन त्यांच्याच हातात दिलं. साधारण त्याच तारखेला, तेवढीच रक्कम पुन्हा गेली असेल तिथे खूण करायची. मुलाने फक्त बघायचं.

दोन रकमा सापडल्या, १४९ आणि २९९. मुलगा लगेच म्हणाला, "दोन्ही बंद करू." अण्णा म्हणाले, "अरे, एकशेएकोणपन्नास माझे आहेत. रात्री झोप लागत नाही तेव्हा नाट्यगीतं ऐकतो." ती रक्कम तशीच ठेवली. मला वाटतं, त्यानंतरच अण्णा मोकळेपणाने बोलू लागले.

२९९ची रक्कम राशिभविष्याच्या ॲपची निघाली. पाच महिने गेली होती, म्हणजे १,४९५ रुपये. त्याआधीच्या महिन्यात त्याच नावापुढे २ रुपये दिसत होते. 'दोन रुपयांत सात दिवस' अशी जाहिरात पाहून अण्णांनी पिन टाकला होता. स्क्रीनवर खाली दरमहा २९९ रुपयांची ऑटोपेची परवानगीही लिहिलेली होती, ती बारीक अक्षरात. अशी परवानगी एकदा पिन टाकून दिली, की पुढे साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पिन पुन्हा विचारला जात नाही. पैसे कटण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यायला हवी असा नियम आहे. ती येतही होती, पण इंग्रजीत, आणि अण्णा तिला जाहिरात समजून पुसून टाकत होते.

"पण ते ॲप मी कधीच काढून टाकलं," अण्णा म्हणाले. खूपजण इथेच अडकतात. परवानगी ॲपमध्ये नसते, ती बँक आणि यूपीआयच्या नोंदीत असते. ॲप गेलं तरी ती चालूच राहते.

अण्णांनी आपल्या यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवलं, Autopay उघडलं आणि ती नोंद शोधली. तिथे Pause आणि Cancel असे दोन पर्याय होते (काही ॲपमध्ये Cancel ऐवजी Revoke असतं). Pause निवडलं तर हप्ता काही काळच थांबतो, म्हणून Cancel. मग पिन मागितला गेला आणि अण्णांचा हात थांबला. "पिन टाकला की पैसे जातात ना?" शंका रास्त होती. परवानगी रद्द करतानाही पिन लागतो, फक्त आपण उघडलेलं पान Autopayचंच आहे, हे वाचून मगच टाकायचा. मुलाने मान दुसरीकडे वळवली, अण्णांनी पिन टाकला. रद्द झाल्याचा बँकेचा एसेमेस आला आणि नोंद चालू यादीतून गेली.

काही वेळा Autopayमध्ये काहीच सापडत नाही. तेव्हा प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलखालचं Payments & subscriptions बघा. प्रीपेडचा बॅलन्स कमी होत असेल, तर कॉलर ट्यूनसारखी सेवा चालू असू शकते. ती बंद करायला त्याच सिमवरून 155223 वर STOP पाठवता येतं, किंवा त्या क्रमांकावर फोन करता येतो. गेलेले पैसे परत मिळतीलच असं नाही, पण ॲपच्या कंपनीला लेखी मागून बघावं. ग्राहक सेवेचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका, तिथे बनावट नंबर भरपूर असतात. आणि कुणी मदतीच्या नावाखाली स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन तिथेच ठेवून द्यायचा.

उताऱ्यात ओळखीचं नाव नसलेली एखादी मोठी रक्कम दिसली, तर प्रकार वेगळा आहे. मग Autopay शोधत बसू नका, तडक सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेला कळवा.

अण्णांनी आता पेन्शन जमा झाली की Autopayची यादी स्वतः उघडायची आणि मुलाला फोनवर वाचून दाखवायची असं ठरवलं आहे. तुमच्या बाबांकडे गेलात, की आधी खातेउतारा आणि पेन त्यांच्यासमोर ठेवा. फोन नंतर.