यूट्यूबचे परदेशी पैसे, एजन्सीचं बिल आणि 20 लाखांची मर्यादा

प्रश्न: माझं स्वयंपाकाचं चॅनल आहे, राहते पुण्यात. 2025-26 मध्ये यूट्यूबकडून 14 लाख, एका जर्मन ॲपच्या जाहिरातीचे मुंबईच्या एजन्सीकडून 5 लाख आणि इथल्याच मसाला कंपनीकडून 3 लाख मिळाले. बरेचसे पैसे परदेशी आहेत, तरी जीएसटी नोंदणी लागते का? शिवाय यूट्यूबने अमेरिकेचा म्हणून 30 हजार कर कापलाय, तो इथे वळता होतो का?

उत्तर: नोंदणी लागते. सेवा पुरवणाऱ्यासाठी महाराष्ट्रात मर्यादा 20 लाखांची आहे आणि ती मोजताना निर्यातही धरतात. निर्यातीवर कर शून्य असतो, म्हणून ती उलाढालीतूनच वगळायची, हा समज माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच क्रिएटर्सचा असतो. तुमची बेरीज 22 लाख होते. ज्या दिवशी 20 लाख ओलांडले, त्या दिवसापासून 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. या मुदतीत अर्ज केला तर नोंदणी ओलांडल्याच्या दिवसापासून लागू होते आणि त्याआधीच्या बिलांवर कर बसत नाही. ती मुदत उलटून गेली असेल तर आजच अर्ज करा, कारण मधल्या बिलांवरचा कर कंपनीने दिला नाही तर तो तुमच्या खिशातून जातो, वर व्याजही.

आता कर कशावर, ते पाहू. यूट्यूबचे पैसे गूगलच्या परदेशी कंपनीकडून परकीय चलनात येतात, म्हणून ती सेवेची निर्यात. त्यावर कर न भरता बिल करायचं तर जीएसटी पोर्टलवर `RFD-11` भरून एलयूटी, म्हणजे निर्यातदाराचं हमीपत्र, घ्यावा लागतो. तो एका आर्थिक वर्षापुरताच असतो, दर एप्रिलला नवा. तो नसेल तर नियमाने 14 लाखांवर 18 टक्के, म्हणजे 2,52,000 रुपये आधी भरायचे आणि मग परताव्यासाठी थांबायचं. बँकेकडून परकीय चलन आल्याचे दाखलेही दर महिन्याला घेऊन ठेवा, निर्यातीचा पुरावा तोच.

जर्मन ॲपचं प्रकरण मात्र निर्यात नाही. ॲप कुठलंही असो, तुमचा करार मुंबईच्या एजन्सीशी आहे आणि पैसे देण्याची जबाबदारी तिची आहे. कायद्याच्या नजरेत सेवा घेणारी तीच, म्हणून 18 टक्के लागतात. हेच काम थेट जर्मनीतल्या कंपनीला बिल करून युरोत पैसे घेतले असते, तर ते निर्यातीत बसलं असतं. म्हणून करार करतानाच बिल कोणाच्या नावाने निघणार ते विचारा आणि रकमेपुढे ‘अधिक जीएसटी’ असं लिहून घ्या. ते लिहिलेलं नसेल तर 5 लाखांतच कर आला असं एजन्सी म्हणते, आणि तुमच्या हातात सुमारे 4,23,700 उरतात.

पुढच्या वर्षी हेच आकडे राहिले तर 8 लाखांच्या देशी कामावर 1,44,000 जीएसटी होईल. त्यातून कॅमेरा, एडिटिंग यांच्या बिलांवर तुम्ही भरलेला जीएसटी वजा करता येतो. दोन लाखांच्या कॅमेऱ्यावर 36,000 भरले असतील तर उरले 1,08,000. त्यासाठी खरेदीच्या बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा.

अमेरिकेच्या कराची गोष्ट वेगळी. अमेरिकी प्रेक्षकांपासूनच्या कमाईवर भारत-अमेरिका करारानुसार 15 टक्के कापतात. 30,000 कापले म्हणजे तिथली कमाई 2 लाखांची. विवरणपत्रात मात्र बँकेत आलेले 13,70,000 नव्हे, पूर्ण 14 लाख दाखवायचे आणि फॉर्म 67 भरून कापलेल्या कराचं श्रेय मागायचं.

ते श्रेय पूर्ण 30,000 मिळणार नाही, हे आधीच सांगतो. समजा 8 लाख खर्च वजा जाता नफा 14 लाख राहिला. नव्या करप्रणालीत सेससह कर 93,600, म्हणजे नफ्यावर सरासरी 6.7 टक्क्यांच्या आसपास. त्या 2 लाखांवर याच दराने जेवढा भारतीय कर येतो तेवढीच सूट, म्हणजे फार तर 13 हजारांच्या घरात. त्या कमाईच्या वाट्याचा खर्चही वजा धरला तर त्याहून कमी. नफा 12 लाखांच्या आत असेल तर रिबेटमुळे इथे करच शून्य आणि श्रेयही शून्य. उरलेली रक्कम भारत सरकार परत करत नाही.

म्हणून कापणी 15 टक्क्यांवर आहे ना, हे तपासणं जास्त फायद्याचं. ॲडसेन्समध्ये अमेरिकी करासाठीचा `W-8BEN` फॉर्म भरलेला नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर फक्त अमेरिकेतल्या नव्हे, जगभरच्या कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कापतात. सही केल्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीस तो फॉर्म संपतो. शिवाय कापलेल्या कराचा गूगलचा `1042-S` दाखला जानेवारी ते डिसेंबरचा असतो आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे दाखल्यावरची रक्कम जशीच्या तशी फॉर्म 67 मध्ये टाकू नका. ॲडसेन्सच्या महिनावार पावत्यांवरून एप्रिल ते मार्चची कापणी काढा आणि तो तक्ता तुमच्या सीएला द्या.