ब्रॅकेटचा स्ट्रेस मेशबरोबर वाढतच जातो, खरा आकडा कोणता?

प्रश्न: सॉलिडवर्क्समध्ये एल ब्रॅकेटचं स्टॅटिक अ‍ॅनालिसिस करतोय. पट्टी ६ मिमी जाड, ६० मिमी रुंद, माइल्ड स्टील. लोड ६०० न्यूटन खाली, भिंतीपासून साधारण ८० मिमीवर. मागची पूर्ण बाजू Fixed केली आहे. आतल्या कोपऱ्यात ४ मिमी मेशला २१० मेगापास्कल, २ मिमीला २९० आणि १ मिमीला ३९५ येतात. यातला कोणता धरू?

उत्तर: एकही नाही. तुमच्या आकड्यांचं गुणोत्तर काढून बघा. मेश निम्मी केली की स्ट्रेस दर वेळी साधारण १.३७ पट होतोय. आतला ९० अंशाचा कोपरा अगदी धारदार काढला की हेच होतं. तिथे थिअरीतलं उत्तरच अनंत आहे, त्यामुळे मेश कितीही बारीक केलीत तरी आकडा थांबणार नाही. प्रत्यक्षात ६ मिमीची पट्टी वाकवली की आत त्रिज्या येतेच. ड्रॉइंगमध्ये असेल ती द्या, नसेल तर ६ मिमी धरून चला.

आता सॉफ्टवेअर बाजूला ठेवून कागदावर पाच मिनिटं घालवा. मोमेंट ६०० × ८० = ४८,००० न्यूटन-मिमी. सेक्शन मॉड्युलस ६० × ६² / ६ = ३६० घन मिमी. म्हणजे स्ट्रेस १३३ मेगापास्कल. आतली त्रिज्या जाडीइतकीच असेल तर वाकाच्या आतल्या बाजूला तो सुमारे १.३ पट होतो, म्हणजे १७० च्या आसपास. यील्ड २५० चं मटेरियल असेल तर फॅक्टर जेमतेम दीड. मॉडेलने याच्या जवळपास काहीतरी सांगायला हवं.

पण माझ्या मते तुमची मोठी चूक मेशमध्ये नाही, फिक्स्चरमध्ये आहे. ब्रॅकेट भिंतीला चिकटवलेला नाही, बोल्टने धरलेला आहे. दोन एम ८ बोल्ट एका ओळीत, टाचेपासून ५० मिमी वर आहेत असं धरतो. लोड आला की टाच भिंतीवर दाबली जाते आणि उभा पाय वरून भिंतीपासून सुटायला बघतो. मागची बाजू पूर्ण Fixed केली की हे वाकणं बंदच होतं आणि लोडखालचं डिफ्लेक्शन फक्त आडव्या हाताचं, म्हणजे ०.४६ मिमी येतं. याउलट फक्त भोकं Fixed करून भिंत विसरलात, तर टाच भिंतीच्या आत शिरते, डिफ्लेक्शन १.३ मिमीपर्यंत जातं आणि भोकांजवळ नसलेला स्ट्रेस दिसतो. खरं उत्तर ०.७ मिमीच्या आसपास असतं. (मी नवीन असताना हा दुसरा प्रकार केला होता. भोकाभोवती लाल दिसलं म्हणून पट्टी ८ मिमीची करून बसलो. ब्रॅकेट काही तुटला नाही, पण वजनाचा हिशेब साहेबांनी सगळ्यांसमोर विचारला.)

म्हणून मागच्या बाजूला Virtual Wall द्या आणि भोकांत Foundation Bolt. ते नको असेल तर भिंतीच्या जागी एक जाड ब्लॉक काढून कॉन्टॅक्ट द्या. वेळ जास्त लागतो, पण समजायला सोपं.

लोडचंही तसंच. ६०० न्यूटन आडव्या हाताच्या पूर्ण पृष्ठभागावर टाकलात आणि हात १०० मिमी लांब असेल, तर लोडचं केंद्र ८० ऐवजी ५० मिमीवर येतं. स्ट्रेस एक तृतीयांशाहून जास्त घटतो आणि ब्रॅकेट खोटाच मजबूत दिसतो. जिथे वजन खरंच टेकतं तेवढाच तुकडा Split Line ने कापून घ्या. लोड धारेवर किंवा एका बिंदूवर मात्र देऊ नका, नाहीतर तिथेही तोच अनंताचा खेळ सुरू होतो.

हे सगळं झालं की मगच मेश. हाय क्वालिटी मेश घ्या, पूर्ण भागाला ३ मिमी, म्हणजे जाडीत दोन एलिमेंट बसतात. आतल्या त्रिज्येवर मेश कंट्रोल १.५ मिमी, मग ०.७५. तो चाप जेमतेम साडेनऊ मिमीचा आहे, त्यामुळे १.५ ला सहा एलिमेंट मिळतात. दोन रनमधला फरक पाच टक्क्यांच्या आत आला की थांबा. बाकी ब्रॅकेट बारीक करण्यात फक्त रनचा वेळ जातो.

भोकाच्या कडेला अजूनही एखादा लाल ठिपका दिसेल. तो मेशबरोबर वाढत असेल तर त्याच्याकडे आकडा म्हणून बघू नका. बोल्ट हातानेच तपासा. मोमेंटमुळे दोघांवर मिळून ४८,००० / ५० = ९६० न्यूटन ओढ, म्हणजे प्रत्येकी ४८०, शिवाय प्रत्येकी ३०० शिअर. रिअ‍ॅक्शन फोर्सची बेरीजही बघून घ्या, उभ्या दिशेत ६०० च यायला हवी. मोटर किंवा कंप्रेसर बसवणार असाल तर तेवढं सांगा, कारण मग स्टॅटिक रनवर भागणार नाही.