शेजारच्या खुर्चीवरचे पाव्हणे

सप्रेम आशीर्वाद.

शनिवारी सांगलीत कंपनीचं जेवण आहे, नावाच्या चिठ्ठ्या लावून बसवणार आहेत आणि शेजारी कोण येईल याचा पत्ता नाही, म्हणून तुला आतापासूनच धास्ती बसलीय. सूपपासून आइस्क्रीमपर्यंत दोन तास सहज जातात. तेवढ्याला पुरतील असे विषय घरून पाठ करून जाऊ नकोस. विषय शेजाऱ्याकडेच असतात. त्याच्या उत्तरातला एखादा शब्द उचलता आला की झालं.

समज, शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "कुठलं गाव?" खुशाल विचार. ते म्हणाले, "तासगाव." इथं बहुतेक जण "वा, तिथला गणपती प्रसिद्ध आहे" म्हणतात. गणपती प्रसिद्ध आहे हे त्यांना जन्मापासून ठाऊक आहे. ते "हो" म्हणतात आणि दोघंही पापडाकडे बघत बसतात. त्यापेक्षा "मग द्राक्षाची बाग आहे का तुमची?" असं विचार. "हाय की, पण निम्मा माल बेदाण्यालाच जातो." आता 'बेदाण्याला' हा शब्द हातात आला. "यंदा अवकाळीनं गाठलं का?" एवढं विचारलंस की पुढचा अर्धा तास त्यांचा. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो; शेडवर जाळ्यांवर माल वाळत असताना नुसतं ढगाळ हवामान झालं तरी तो काळा पडायला लागतो आणि सौद्यात दर पडतो, हे ते स्वतःच सांगतील. तुला ते आधीपासून माहीत असलं, तरी त्यांच्या आधी बोलून दाखवू नकोस.

मात्र लागोपाठ तीन प्रश्न झाले की माणसाला पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतं. दोन प्रश्नांनंतर स्वतःचं थोडं सांग. "आमच्याकडं ज्वारी, पावसानं कणसं काळी पडली की आजी तासभर बोलत नाही." तेवढंच. त्यावर ते हसतील, नाहीतर आपल्या आजीचं काढतील.

खरी गंमत वाढप्यापाशी आहे. गोष्ट ऐन रंगात आलेली असते, "रात्री दोनला ढग आले, आम्ही ताडपत्री घेऊन शेडवर…" आणि तेवढ्यात कानाशी "साहेब, रस्सा?" भाकरी, कांदा, लिंबू, पुन्हा रस्सा. मिनिटभरानं ते गृहस्थ नुसतेच जेवायला लागतात, कारण आपलं कुणी ऐकत होतं की नाही याची त्यांना खात्री नसते. तिथं तू म्हणायचंस, "हां, मग ताडपत्री घेऊन गेलात, पुढं?" माणूस कुठं थांबला ते त्याचाच शब्द वापरून त्याला परत द्यायचं. मी पाहिलेल्या गप्पिष्ट माणसांत हे जमणारे फार थोडे, बाकीचे नुसतेच बोलके. आणि हो, घास तोंडात जाताना प्रश्न विचारू नकोस. त्या बिचाऱ्याला एक तर गिळावं लागतं, नाहीतर मान हलवावी लागते. भाकरी मोडायला हात गेला की थांब, पाण्याचा ग्लास खाली ठेवला की विचार.

मध्येच सगळं टेबल गप्प होईल, बहुधा रस्सा आल्यावर. तेव्हा जेव. ती शांतता भरून काढायला कुणी साखर कारखान्याच्या निवडणुकीचा विषय काढतो आणि मग समजतं की डावीकडचे एका पॅनेलचे आहेत आणि समोरचे त्यांचे साडू दुसऱ्या पॅनेलचे. तू त्यात पडू नकोस. आडनावावरून "म्हणजे तुम्ही नक्की कुठले?" असं खोदणंही नको, त्या प्रश्नामागं काय असतं ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि ऐकणाऱ्यालाही. तुलाच कुणी "पाव्हणं, पगार किती?" विचारलं, तर "भागतंय की" म्हण आणि त्यांच्या पोराचं शिक्षण विचार. तिकडं राग नसतो, सवय असते.

डावीकडच्यांशी तासभर झाला की उजवीकडचे पाठ बघत बसलेले असतात. त्यांना मोकळं सोडू नकोस. "काका, हे तासगावचे, बेदाण्याचं सांगतायत. तुमच्याकडं हळद ना?" एकदा दोघं थेट बोलायला लागले की तू जरा खुर्ची मागं घे आणि निवांत भात कालव.

आणि काही जण खरोखरच नुसतं जेवायला आलेले असतात. दोन वेळा विचारून दोन्ही वेळा "हं" आलं, तर तिसऱ्यांदा विचारू नकोस. लिंबाची फोड त्यांच्याकडं सरकव आणि दुसऱ्या बाजूला वळ.

तुझा,
काका